‘खरेदी करा’ या बटणामागे नेमकं काय विकलं जातं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय: डिजिटल गेम्सचे परवाने, आणि ऑनलाइन स्टोअर बंद झाल्यावर ग्राहकाच्या हाती काय उरते याबाबत

सप्रेम नमस्कार.

आम्ही गेमिंग कन्सोल दुरुस्त करणारी, जुन्या गेम्सच्या डिस्कची खरेदी-विक्री करणारी आणि गेम जतन करण्याचं काम करणारी माणसं आहोत. डिजिटल गेम विकताना ग्राहकापासून काय झाकलं जातं, हे आमच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या यंत्रांत रोज दिसतं. ते आपल्यासमोर मांडावं आणि त्यावर आपल्या अधिकारातली मार्गदर्शक तत्त्वं मागावीत, यासाठी हे पत्र.

सुरुवात एका साध्या डिस्कपासून करतो. 2009 साली सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन 2 या कन्सोलसाठी ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ नावाचा गेम आला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंगबाजी होती. त्याची डिस्क आज कुणाकडे असेल, तर ती चालत्या प्लेस्टेशन 2 मध्ये घालायची आणि खेळायचं, एवढंच. डिस्क खरी आहे की नाही हे कन्सोल स्वतःच तपासतो. त्यासाठी तो कुठल्याही सर्व्हरला विचारत नाही. ती डिस्क भाच्याला देता येते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकता येते, लायब्ररीत ठेवता येते. काढणाऱ्या कंपनीचं पुढे काहीही झालं तरी त्या डिस्कला त्याची खबर नसते.

आता तितक्याच पैशांत डाउनलोड केलेला गेम पाहू. उदाहरण प्लेस्टेशन 3 चं घेतो, कारण तो भारतात भरपूर खपला, अजूनही अनेक घरांत चालू आहे, आणि त्याची परवान्याची यंत्रणा आता सविस्तर माहीत झालेली आहे.

स्टोअरवर पैसे भरले की दोन वेगळ्या गोष्टी कन्सोलच्या हार्ड डिस्कवर उतरतात. एक म्हणजे गेमचं पॅकेज. हे कित्येक जीबींचं असू शकतं. दुसरी म्हणजे परवान्याची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी `.rif` असतं आणि जी आकाराने साधारण एका एसएमएसएवढी असते. पॅकेजमधला मुख्य प्रोग्राम कुलूपबंद असतो. तो उघडायला नुसती `.rif` पुरत नाही. कन्सोल त्या अकाउंटवर ‘ॲक्टिव्हेट’ केलेला असावा लागतो, म्हणजे सर्व्हरने दिलेली `act.dat` नावाची आणखी एक फाइल तिथे असावी लागते. आणि ही `act.dat` त्या एकाच कन्सोलच्या आत कोरलेल्या ओळख-क्रमांकाशी जुळावी लागते. `.rif`, `act.dat` आणि कन्सोलची ओळख या तिन्ही गोष्टी जमल्या तरच कुलूप उघडतं. एका अकाउंटवर असे दोनच प्लेस्टेशन 3 चालू ठेवता येतात. 2011 च्या नोव्हेंबरपूर्वी पाच ठेवता येत. म्हणजे ही मर्यादा पुढच्या खरेदीसाठी कंपनीने तीन कन्सोलांनी कमी केली.

डिस्क आणि डिजिटल यांच्यातला खरा फरक इथे आहे. गेम डिस्कवर आला की तारेवरून आला, हा मुद्दा गौण आहे. उघडायची किल्ली कुठे आहे, हा मुद्दा आहे. डिस्कमध्ये किल्ली आणि गेम एकत्रच विकले जातात. डिजिटलमध्ये गेमची प्रत घरी येते, पण नवी किल्ली पाडण्याचा साचा विक्रेत्याकडेच राहतो. कन्सोल धडधाकट आहे तोवर हे जाणवत नाही. बोर्ड खराब झाला, हार्ड डिस्क गेली, नवा कन्सोल घेतला, की पुन्हा किल्ली मागावी लागते, आणि देणारा तेव्हा जागेवर असायला हवा.

देणारा जागेवर नसेल तर? ‘स्टोअर बंद होणार’ अशी बातमी येते तेव्हा ग्राहक घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो, कारण बंद म्हणजे नेमकं काय बंद, हे त्याला कुणी सांगत नाही. प्रत्यक्षात हे बंद होणं पायरी-पायरीने होतं आणि प्रत्येक पायरीवर वेगळं काहीतरी जातं.

पहिल्यांदा पैसे घेणं थांबतं. निन्टेन्डोच्या 3DS आणि Wii U या कन्सोलांच्या स्टोअरवर मे 2022 मध्ये क्रेडिट कार्डाने पैसे भरणं थांबलं, ऑगस्टमध्ये प्रीपेड कार्डं टाकणं थांबलं, आणि 27 मार्च 2023 ला विक्रीच बंद झाली. त्या दिवशी जे गेम फक्त डाउनलोडनेच मिळत होते, डिस्क किंवा कार्ट्रिजवर कधी आलेच नव्हते, ते नव्या ग्राहकासाठी संपले. आधी घेतलेले गेम मात्र पुन्हा डाउनलोड करता येत राहिले. मायक्रोसॉफ्टने Xbox 360 चं स्टोअर 29 जुलै 2024 ला बंद केलं, तेव्हाही असंच ठरलं.

दुसरी पायरी म्हणजे पुन्हा डाउनलोड करणंही थांबणं. याची तारीख बहुतेकदा दिलीच जात नाही. ‘नजीकच्या भविष्यात चालू राहील’ असं म्हटलं जातं, आणि या शब्दांना कायद्यात काही वजन नाही. जुन्या Wii कन्सोलचं स्टोअर 30 जानेवारी 2019 ला विक्रीसाठी बंद झालं होतं. घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतील, असं सांगितलेलं होतं. पण मार्च 2022 मध्ये ते सर्व्हरच बंद पडले आणि काही महिने तसेच राहिले. नंतर ते सुरू झाले हे खरं. पण त्या काही महिन्यांत ज्याचा कन्सोल बिघडला, त्याने कुणाला जाब विचारायचा?

तिसरी पायरी सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. इथे परवाना तपासणारा, कन्सोल ॲक्टिव्हेट करणारा सर्व्हरच जातो. गेमचा प्रत्येक बाइट हार्ड डिस्कवर असला, तरी नवी किल्ली मिळत नाही.

ही तिसरी पायरी घरात कशी दिसते, ते प्लेस्टेशन 3 वरच पाहू. समजा, एका घरी असा कन्सोल आहे. त्यावर पाच गेम डिस्कचे आणि वीस डाउनलोड केलेले. सर्व्हर एके दिवशी कायमचे बंद झाले. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वीसारखंच चालेल. `act.dat` आणि `.rif` फाइली जागेवर आहेत, त्यामुळे वीसच्या वीस गेम उघडतील. ग्राहकाला वाटेल, आपण उगीच घाबरलो.

मग कन्सोलच्या बोर्डावरची बॅटरी संपते. ही CR2032, म्हणजे मनगटी घड्याळात किंवा कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असते तशी नाण्याएवढी बॅटरी. कन्सोलचा प्लग काढलेला असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं, एवढंच तिचं काम. अशा बॅटऱ्या काही वर्षांनी संपतातच. हा दोष नाही, तिचं आयुष्यच तेवढं. पहिली खूण म्हणजे प्लग काढून लावला की तारीख-वेळ पुसलेली दिसते. ग्राहक हाताने तारीख भरतो आणि डाउनलोड केलेला गेम सुरू करू पाहतो. गेम उघडत नाही. कारण परवाना तपासणारी यंत्रणा ग्राहकाने हाताने भरलेल्या वेळेवर विश्वास ठेवत नाही. तिला आतलं सुरक्षित घड्याळ सर्व्हरशी जुळलेलं लागतं, आणि तो सर्व्हर आता नाही. नवी बॅटरी घातली तरी घड्याळ जुळवायला तोच सर्व्हर हवा. त्याच कन्सोलमध्ये डिस्क घाला, ती मुकाट चालते. पाच गेम उरले, वीस गेले. कारण काय, तर किराणा दुकानातही मिळणारी एक बॅटरी.

बॅटरी शाबूत असली तरी हार्ड डिस्क जाते. प्लेस्टेशन 3 मधली हार्ड डिस्क अडीच इंची साधी SATA असते, बदलायला पाच मिनिटं लागतात. पण तिच्यावरचा मजकूर त्या कन्सोलच्याच किल्लीने बांधलेला असतो; ती काढून दुसऱ्या प्लेस्टेशन 3 मध्ये घातली की तो फॉरमॅट करायलाच सांगतो. कन्सोलचा बोर्डच गेला, आणि पहिल्या पिढीच्या जाड मॉडेलांत तो जास्त उष्णतेने पुष्कळदा जातो, तर कन्सोलची ओळखच गेली. दुसऱ्या कन्सोलसाठी नवी `act.dat` लागते. ती द्यायला कुणी नाही. इथे ग्राहकाची चूक कुठे आहे, हे आम्हांला शोधूनही सापडत नाही.

ही केवळ कल्पना आहे असं वाटू नये, म्हणून सांगतो. सोनीने 29 मार्च 2021 ला जाहीर केलं होतं की प्लेस्टेशन 3 आणि PSP या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं स्टोअर 2 जुलैला, आणि Vita या तशाच दुसऱ्या कन्सोलचं 27 ऑगस्टला बंद होईल. म्हणजे प्लेस्टेशन 3 च्या ग्राहकाला जेमतेम तीन महिने मिळत होते. जगभरातून ओरड झाली आणि तीनच आठवड्यांनी कंपनीने प्लेस्टेशन 3 आणि Vita बाबतचा निर्णय मागे घेतला. PSP वरून खरेदी मात्र ठरल्याप्रमाणे बंद झाली. बॅटरीचा हा प्रश्न याच काळात चर्चेत आला, आणि तेव्हा लक्षात आलं की प्लेस्टेशन 4 मध्ये तो आणखी वाईट आहे: बॅटरी संपली आणि सर्व्हर नसला तर तिथे डिस्कवरचे गेमही उघडत नव्हते. कारण गेममधल्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या ट्रॉफींच्या तारखा कुणी खोट्या करू नयेत म्हणून तेही घड्याळ तपासत होते. सप्टेंबर 2021 च्या 9.00 या अपडेटने सोनीने ती अट काढून टाकली आणि बॅटरी नसतानाही डिस्क चालू लागल्या.

या अपडेटकडे आम्ही आपलं मुद्दाम लक्ष वेधतो. न सुटणारी तांत्रिक अडचण तिथे नव्हती. एक अट लिहिलेली होती, ती पुसली. कंपनीने ठरवलं की होतं.

मग डिस्क घेतली की माणूस सुटला का? पूर्वी याचं उत्तर जवळजवळ ‘हो’ होतं. आता नाही, आणि ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम डिसेंबर 2014 मध्ये डिस्कवर विकला गेला. एकट्याने खेळण्याची मोठी कथा त्यात होती, पण गेम सतत सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती, त्यांच्याकडे प्लास्टिकची चकती उरली. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम यातूनच उभी राहिली, आणि तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांनी सह्या केल्या.

दुसरा प्रकार म्हणजे गेम नसलेली डिस्क किंवा कार्ड. जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच 2 साठी काही गेम ‘गेम-की कार्ड’ म्हणून विकले जातात. कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट हवं, आणि नंतर प्रत्येक वेळी कार्ड घातलेलं हवं. असं कार्ड जुन्या बाजारात विकता येतं, ही त्याची जमेची बाजू. पण डाउनलोडचा सर्व्हर गेला की ज्याच्या कन्सोलवर गेम आधीच उतरलेला नाही, त्याला ते कार्ड निरुपयोगी. निन्टेन्डो हे वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर छापते. तसं ठळक छापणं सगळ्यांवरच बंधनकारक का असू नये? Xbox 360 ची डिस्क Xbox One मध्ये घातली तर तिथेही डिस्क फक्त पुरावा म्हणून वाचली जाते, आणि खेळला जाणारा गेम पूर्णपणे डाउनलोड होतो.

यंत्राचंही तसंच. नोव्हेंबर 2023 पासून विकल्या जाणाऱ्या बारीक प्लेस्टेशन 5 ला डिस्क ड्राइव्ह वेगळा लावता येतो, पण लावल्यावर तो कन्सोलशी जोडून घ्यायला एकदा इंटरनेट लागतं. उद्या हा सर्व्हर गेला आणि नंतर ड्राइव्ह बदलायची वेळ आली, तर कपाटभर डिस्क असूनही त्या वाचता येणार नाहीत. डिस्कवर भरवसा ठेवणाऱ्यांना आम्ही हेही सांगतो की लेझर झिजतो आणि डिस्कवर ओरखडे पडतात. पण ती झीज आहे, ती दिसते, आणि दुरुस्त करणारा माणूस गल्लीत सापडतो. सर्व्हरवरची परवानगी गेली तर कुणाही कारागिराच्या हाती काही राहत नाही.

आता आपल्या कायद्याकडे येतो, कारण आम्ही आपल्याकडे नवा कायदा मागत नाही. जो आहे त्याचाच वापर मागतो.

कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 52(1)(aa) सांगतं की संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे, तो ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत करू शकतो. त्याच कलमातलं (ad) हे पोटकलम, स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून व्यापारी हेतू नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत करायला मुभा देतं. जगातल्या बऱ्याच देशांत इतकी स्पष्ट मुभा नाही. पण कुलूपबंद गेमची बॅकअप प्रत केली तरी ती उघडत नाही, आणि कुलूप तोडायला गेलं की 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65A समोर उभं राहतं. ते हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करतं. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढणं त्यातून वगळलेलं आहे, पण नेमकं काय त्यात बसतं हे वाचून ठरवणं सामान्य ग्राहकाला शक्य नाही, आणि आम्हां दुरुस्ती करणाऱ्यांनाही त्या वाटेला जायला धीर होत नाही. संसदेने दिलेली मुभा अशी कागदावर राहते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 2(46) ‘अनुचित करार’ कशाला म्हणायचं ते सांगतं. वाजवी कारण नसताना एका बाजूला एकतर्फी करार संपवू देणारी अट त्यात येते. स्टोअरच्या लांबलचक करारांत नेमकी अशी अट असते: सेवा केव्हाही, कोणत्याही कारणाने थांबवू. पण या कलमाखाली दाद मागायची तर जिल्हा आयोगात जाता येत नाही, राज्य आयोगातच जावं लागतं. समजा, गडचिरोलीतल्या एका मुलाचा चार हजार रुपयांचा गेम बंद पडला. त्या चार हजारांसाठी तो राज्य आयोगाच्या तारखा करील का? प्रवासातच ती रक्कम संपेल. म्हणूनच हे काम एकेकट्या ग्राहकाचं नाही. ग्राहकांच्या एका वर्गाच्या वतीने आयोगांपुढे तक्रार नेण्याचा आणि अनुचित व्यापारी प्रथा रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार कलम 18 ने आपल्याला दिलेला आहे.

30 नोव्हेंबर 2023 ला आपण ग्राहकाला पडद्यावर चकवणारे ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं जारी केलीत. त्यातल्या तेरा प्रकारांत, पडद्यावर काही माहिती ठळक करून दुसरी महत्त्वाची माहिती झाकण्याचा प्रकार स्पष्ट नोंदवलेला आहे. मोठ्या अक्षरांत ‘खरेदी करा’ आणि पन्नास पानांच्या करारात कुठेतरी ‘हा केवळ परवाना आहे, विक्री नव्हे’, हे त्याच व्याख्येत बसतं, असं आमचं ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियाने याच मुद्द्यावर AB 2426 हा कायदा केला, जो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. डिजिटल वस्तूसाठी ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा असेल तर हा परवाना आहे हे ग्राहकाला आधी ठळक सांगावं लागतं, किंवा त्याची तशी कबुली घ्यावी लागते. ग्राहक वस्तू कायमची उतरवून ऑफलाइन वापरू शकत असेल, तर त्या विक्रीला ही अट लागू नाही. याचा परिणाम भारतातही दिसतो. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन स्टोअरवर पैसे भरण्याच्या पानावर आता खालची ओळ येते:

```
A purchase of a digital product grants a license for the product on Steam.
```

एक ओळ का होईना, आली. पण ती पुरेशी नाही. ‘हा परवाना आहे’ एवढं कळून ग्राहकाला ठरवता काहीच येत नाही. विजेच्या उपकरणावर नुसतं ‘यात वीज आहे’ लिहून चालत नाही, किती व्होल्ट ते लिहावं लागतं. म्हणून पैसे भरण्याच्या पानावरच, किमतीच्या शेजारी, मराठीसह ग्राहकाने निवडलेल्या भाषेत तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात, अशी आमची मागणी आहे. एकदा उतरवल्यावर हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का, आणि किती दिवसांनी पुन्हा सर्व्हरशी बोलावं लागतं. कन्सोल किंवा कॉम्प्युटर बदलला तर सर्व्हरशिवाय तो दुसरीकडे नेता येतो का. आणि पुन्हा डाउनलोड करण्याची सोय किमान कोणत्या तारखेपर्यंत राहील. तारीख देता येत नसेल तर ‘कोणतीही हमी नाही’ असं तिथेच लिहावं. डिस्क आणि कार्डाच्या खोक्यावरही याच तीन ओळी असाव्यात, कारण वर दाखवल्याप्रमाणे खोकं आता स्वतःहून काहीच सांगत नाही.

दुसरी मागणी मुदतीची. प्लेस्टेशन 3 साठी तीन महिने जाहीर झाले होते. मायक्रोसॉफ्टने Xbox 360 साठी ऑगस्ट 2023 मध्ये सांगून सुमारे अकरा महिने दिले, निन्टेन्डोने फेब्रुवारी 2022 मध्ये सांगून तेरा महिने. म्हणजे बारा महिन्यांची पूर्वसूचना ही अवास्तव मागणी नाही, उद्योगानेच ती पाळून दाखवली आहे. आणि सूचनेत ‘स्टोअर बंद’ असं मोघम न लिहिता विक्री, पुन्हा डाउनलोड आणि परवाना-तपासणी या तिन्हींच्या वेगवेगळ्या तारखा असाव्यात. आपल्याकडे अनेकांकडे रोज इंटरनेटला जोडलेला कन्सोल नसतो, म्हणून ही सूचना ईमेल आणि मोबाइल संदेशानेही जावी.

तिसरी मागणी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: परवाना तपासणारा सर्व्हर कायमचा बंद करण्याआधी शेवटचं अपडेट देऊन ती तपासणी काढून टाकली जावी. सर्व्हर अनंतकाळ चालवा असं आम्ही म्हणत नाही. वीज, जागा, माणसं लागतात, हे आम्हांला कळतं. जाताना किल्ली ग्राहकाच्या हाती द्या, एवढंच मागणं आहे. प्लेस्टेशन 4 च्या 9.00 अपडेटने हे शक्य असल्याचं दाखवलं. ‘द क्रू’वर टीका झाल्यावर युबिसॉफ्टने त्याच मालिकेतल्या पुढच्या गेमसाठी ऑफलाइन सोय जाहीर केली, तेही याचंच उदाहरण. जे गेम मुळातच अनेक खेळाडूंनी ऑनलाइन खेळायचे आहेत, त्यांचा प्रश्न अवघड आहे हे मान्य. पण निदान एकट्याने खेळायचा भाग तरी त्यातून सुटला पाहिजे.

आणि हेही करायचं नसेल तर पैसे परत. गूगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा 18 जानेवारी 2023 ला बंद करताना तिच्या स्टोअरमधून घेतलेल्या गेम्सचे पैसे ग्राहकांना परत केले. सेवा भारतात आलेली नव्हती, पण पद्धत इथेही लागू करता येईल.

हे सगळं होईपर्यंत हातावर हात धरून बसायला नको, म्हणून ज्यांच्याकडे आज प्लेस्टेशन 3 चालू आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी याच पत्रात लिहितो. आपल्या ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर कुणी विचारलं तर तिथूनही त्या सांगता येतील. सर्व्हर चालू आहेत तोवर `Account Management` मधल्या `System Activation` मध्ये जाऊन कन्सोल ॲक्टिव्हेट असल्याची खात्री करावी. `Transaction Management` मधल्या `Download List` वरून घेतलेला प्रत्येक गेम उतरवावा, इन्स्टॉल करावा आणि एकदा सुरू करून पाहावा, कारण नुसतं उतरवलेलं पॅकेज म्हणजे परवाना चालतोय याचा पुरावा नव्हे. बॅटरी आताच बदलून घ्यावी आणि लगेच `Date and Time Settings` मधून वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्यावी. हे काम सर्व्हर गेल्यावर होणार नाही. शेवटी, FAT32 मध्ये फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर `Backup Utility` ने पूर्ण प्रत घ्यावी. ती प्रत त्याच कन्सोलवर नीट परत येते, दुसऱ्या कन्सोलवर काही गोष्टी येत नाहीत, आणि परत आणताना कन्सोलवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवावं.

एवढी काळजी घेतली तरी बोर्ड गेला की वीस गेम गेलेच. त्यापुढचं काम ग्राहकाच्या हातात नाही.

आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास आम्ही दोन प्लेस्टेशन 3 घेऊन येऊ. एकातली बॅटरी काढलेली असेल, इंटरनेट जोडलेलं नसेल. एकाच गेमची डिस्क आणि डाउनलोड केलेली प्रत, दोन्ही आपल्यासमोर सुरू करून दाखवू. पंधरा मिनिटं पुरतील.

आपले विश्वासू,
कन्सोल दुरुस्ती, जुन्या गेम्सची विक्री आणि जतन या कामातले आम्ही सर्व